सहाजणींचे ८३ टक्के

"सावधान पालकांनो!! पुण्यातील महाविद्यालयाच्या संशोधनात धक्कादायक सत्य उघड. कॉट बेसिसवर राहणाऱ्या ८३% मुली रोज एकच वेळ जेवतात. रक्त कमी होऊन पुढे मूल होण्यात अडचणी. मुलीला शिकवायचंच असेल तर घरी ठेवूनच शिकवा. प्रत्येक आईवडिलांपर्यंत पोहोचवा."

हा मेसेज मला कराडहून आईने पाठवला, खाली "बघ गं, काय चाललंय तुमच्या पुण्यात" असं लिहून. आईला तो दादाने पाठवलेला. दादाच्या तनयाला यंदा पुण्यात प्रवेश मिळालाय, कॉट बेसिसवर खोली ठरलीय, डिपॉझिटही भरून झालंय. आणि आता दादा म्हणतो, कराडलाच बघू काहीतरी. म्हणून हे लिहायला बसले. आणखी एक कारण आहे: ज्या "संशोधना"चा हा डांगोरा पिटला जातोय ते माझ्या भाचीने, सायलीने केलंय. एम.ए.चा प्रकल्प. सादरीकरणातल्या एका स्लाइडचा कुणीतरी फोटो काढला, तो वर्गाच्या ग्रुपवर गेला, आणि तिथून फिरत फिरत, दोनचार वाक्यं चिकटवून घेत, तिच्याच आजीकडे पोचला.

आधी किरकोळ गोष्टी उरकते. रक्त कमी होण्याचं काय? सर्वेक्षणात एकाही मुलीचं रक्त तपासलेलं नाही, तसा प्रश्नही नव्हता. मूल होण्याचं काय? ते तर कुणाच्या तरी अंगठ्याने वाटेत जोडलं. "महाविद्यालयाचं संशोधन" म्हणजे एका विद्यार्थिनीने गूगल फॉर्मवर भरून घेतलेल्या १८७ नोंदी. तिच्या मैत्रिणींनी आपापल्या मैत्रिणींना लिंक पाठवली, ज्यांना वेळ होता त्यांनी भरलं. असा नमुना विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला चालतो. पुण्यातल्या तमाम मुलींबद्दल निकाल द्यायला तो चालत नाही, आणि सायलीने तसा दावा केलेलाही नव्हता.

आता तो आकडा. तो खोटा नाही, हीच पंचाईत आहे. गणित बरोबर आहे, म्हणून तर सायली आधी खूश झाली होती. आजीचा फोन आला तेव्हा मी तिच्याकडेच होते. "आजी, तो माझाच सर्व्हे आहे!" असं ती अगदी फुलून सांगत होती. आईने पलीकडून एवढंच विचारलं, "टक्के राहू दे गं. मुली किती होत्या त्या?"

सायलीला सांगता आलं नाही. एकूण १८७ हे पाठ होतं. कॉट बेसिसच्या किती, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. स्लाइडवर टक्क्यांचे चार खांब होते, त्यातला एक लालभडक आणि इतरांच्या तिप्पट उंच. कुठल्याच खांबाखाली संख्या नव्हती. फोन ठेवून तिने लॅपटॉप उघडला, राहण्याच्या ठिकाणाच्या रकान्याला फिल्टर लावला, आणि खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आलं: `6 of 187 records found`.

सहा. त्यातल्या पाचजणी एकदाच जेवलेल्या. पाच भागिले सहा, ८३.३. बाकीचे खांब पाहिले तर घरून येणाऱ्या १२१पैकी १९, म्हणजे १६ टक्के. वसतिगृहातल्या ४२पैकी ११, म्हणजे २६ टक्के. नातेवाइकांकडे राहणाऱ्या १८पैकी ३, म्हणजे १७ टक्के. घरून येणारी एक मुलगी आदल्या दिवशी नीट जेवली असती तर तिचा खांब टक्काभरानेही हलला नसता. कॉट बेसिसवरची एकच मुलगी जेवली असती तर ८३चे ६७ झाले असते. दोघी जेवल्या असत्या तर ५०. दोन मुलींच्या एका संध्याकाळच्या डब्यावर लटकलेला आकडा पालकांना सावध करायला निघाला होता.

सायलीने मग पुस्तकातलं नेहमीचं सूत्र लावून या आकड्याची ९५ टक्के विश्वासार्हतेची मर्यादा काढली, म्हणजे खरं प्रमाण साधारण कुठून कुठपर्यंत असू शकेल ते. खालची बाजू आली ५४ टक्के आणि वरची ११३. म्हणजे शंभरातल्या एकशेतेरा मुली एकदा जेवतात! ती हसली आणि मग गप्प झाली. ते सूत्र मोठ्या नमुन्यासाठी असतं. उत्तर शंभराच्या वर किंवा शून्याच्या खाली गेलं की समजावं, नमुना त्याला पेलण्याइतका मोठा नाही. लहान नमुन्याला चालणारी विल्सनची पद्धत वापरली तर ४४ ते ९७ आलं. अर्ध्यापेक्षा कमी ते जवळपास सगळ्या, यातलं काहीही असू शकतं.

इथवर आल्यावर "लहान गट, योगायोग" म्हणून फाइल मिटता आली असती, पण तसंही नव्हतं. एकूण १८७पैकी ३८ मुली, म्हणजे सुमारे २० टक्के एकदा जेवलेल्या. तेच प्रमाण धरलं आणि सहाजणी एकमेकींशी संबंध नसलेल्या असत्या, तर त्यांतल्या निदान पाचजणी तशा निघण्याची शक्यता हजारात दीड-दोन इतकीच येते. ही शक्यता एकाच तक्त्याची, हेही खरं. सायलीने चौदा प्रश्न चार गटांत फोडून छप्पन चौकटी केल्या होत्या आणि त्यातली सगळ्यात उठून दिसणारी उचलून स्लाइडवर लावली होती. छप्पन ठिकाणी शोधलं की विचित्र काहीतरी सापडतंच, आणि ते बहुतेक वेळा सगळ्यात छोट्या गटातच सापडतं. तरीसुद्धा मला ते खटकत राहिलं. "त्या सहा ओळी नीट वाच," मी म्हटलं.

`Timestamp` या रकान्यात उत्तर होतं. एकदा जेवलेल्या पाचांपैकी चौघींनी फॉर्म भरलेला एकाच सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास, सात मिनिटांच्या आत. चौघींच्या मेसचं नाव एकच. आणि प्रश्न काय होता? "काल दिवसभरात तुम्ही किती वेळा पूर्ण जेवण घेतले?" सोमवारी काल म्हणजे रविवार, आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. पुण्यात मेसवर जेवलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. चौघींपैकी एकीला सायलीने फोन केला. ती म्हणाली, "अगं, दुपारी फीस्ट होती ना. मसालेभात, पुऱ्या, श्रीखंड. संध्याकाळी मॅगीसुद्धा नको झाली."

म्हणजे या चार वेगळ्या नोंदी नव्हत्याच. एक खोली, एक मेस, एक रविवार. वरची विल्सनची मर्यादासुद्धा प्रत्येक मुलगी स्वतंत्र आहे असं धरून काढलेली, त्यामुळे खरी अनिश्चितता तिच्याहूनही जास्तच म्हणायची. आणि मेसेजात जो "रोज" आहे तो फॉर्ममध्ये कुठेच नाही. "काल"चं "रोज" झालं आणि श्रीखंडाची उपासमार झाली. माझा सगळ्यात जास्त संताप या एका शब्दावर आहे.

दादाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "तुमच्या घरातली मुलगी, तुम्ही सांभाळून घेणारच." ठीक आहे, माझं नको ऐकूस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून ते होतं. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत देशभरातली सहा लाखांवर कुटुंबं होती. एवढा पसारा असूनही त्यांच्या तक्त्यांत एखाद्या चौकटीत २५पेक्षा कमी माणसं उरली तर टक्का छापतच नाहीत, तिथे फुली मारतात. २५ ते ४९ असतील तर टक्का कंसात घालतात, म्हणजे वाचणाऱ्याने जपून वाचावा. सहा लाख घरं फिरलेले लोक चोवीस माणसांवर टक्का काढायला कचरतात आणि आपण सहाजणींवर पोरींची शिक्षणं थांबवतो. हाच नियम सायलीच्या तक्त्याला लावला तर कॉट बेसिस आणि नातेवाईक या दोन्ही खांबांच्या जागी फुली येते, वसतिगृह कंसात जातं, आणि मोकळेपणाने छापण्याजोगा उरतो फक्त घरून येणाऱ्यांचा आकडा.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, नाइलाजाने का होईना. घरापासून लांब राहणाऱ्या मुलींची आबाळ होते यात तथ्य नाही असं नाही. वसतिगृह आणि कॉट बेसिस एकत्र केले तर ४८पैकी १६, म्हणजे तिघींत एक. घरच्या आणि नातेवाइकांकडच्या मिळून १३९पैकी २२, सहा-सात जणींत एक. हे गट आकडे पाहून जुळवलेले नाहीत ना, असं मी सायलीला दरडावून विचारलं. "घरात की घराबाहेर" ही विभागणी तिच्या मूळ आराखड्यातच होती. पण ४८ म्हणजे हाही आकडा कंसातलाच, आणि त्या सोळांत रविवारच्या चौघी आहेतच. त्या वगळल्या तर ४४पैकी १२, चौघींत एक उरते. फरक आहे, पण मेसेजातला नाही.

आणि पाचवी मुलगी. तिने फॉर्म गुरुवारी भरला होता, २८ तारखेला. "आणखी काही सांगायचे आहे का?" या शेवटच्या रकान्यात बहुतेकींनी रेघ मारलेली. हिने लिहिलं होतं, "महिनाअखेर एक वेळची मेस बंद करते." लाल खांबात ती श्रीखंड खाल्लेल्या चौघींच्या रांगेत उभी होती आणि कुणाला दिसली नव्हती. सायलीने अहवालात खांब काढून टाकला आणि तिचं नाव न घेता हे वाक्य जसंच्या तसं घातलं. मॅडमनी विचारलं, स्लाइडवरचा ८३ टक्क्यांचा मुद्दा कुठे गेला? तो तर सगळ्यात चांगला होता. सायलीने फुली दाखवली आणि खालची टीप वाचायला दिली.

मूळ ग्रुपवर तिने खुलासाही टाकला. त्याला तीन अंगठे आले. मेसेज अजून फिरतोच आहे, काल तर आकडा ९३ झालेला पाहिला.

दादाने टक्क्यांबद्दल पुढे काही विचारलं नाही. त्याचा प्रश्न वेगळाच होता: "मग रविवारी संध्याकाळी पोरीने करायचं काय?" खोलीवर शेगडी चालणार नाही असं मालकीणबाईंनी आधीच सांगितलंय. तेव्हा रविवारी रात्री तनया सायलीकडे जेवणार असं ठरलंय, आणि डिपॉझिट परत मागायचं राहिलंय ते राहिलंच.