फाळक्यावरची चौदा अक्षरं

ट्रक-रिक्षांच्या मागच्या ओळींचे संग्रह सगळ्यांच्या फोनवर फिरत असतात. पंचवीस-तीस ओळी एकाखाली एक. मी ते कधीच शेवटपर्यंत वाचू शकलेलो नाही. पाचव्या-सहाव्या ओळीलाच कंटाळा येतो. पण त्याच यादीतली एखादी ओळ घाटात पुढच्या टेम्पोवर दिसली की मी गाडीत एकटा असलो तरी मोठ्यानं हसतो. ओळ तीच आणि वाचणाराही तोच, तरी एवढा फरक का पडतो, यावर मी बरीच वर्षं विचार करतोय. जे हाती लागलं ते आज लिहितो.

महाराष्ट्रातल्या रस्त्यावर वावरलेल्या कुणालाही ठाऊक असलेली ओळ घेऊ:

बघतोस काय रागानं
ओव्हरटेक केलंय वाघानं

आता ही बोली सोडून पाठ्यपुस्तकी मराठीत लिहून बघा. 'रागाने काय बघतोस, वाघाने ओव्हरटेक केले आहे.' अर्थ जराही बदलला नाही, पण ओळ मेली. पहिल्या अर्ध्यात नेमकं काय बिघडलं बघा. आपण 'रागानं काय बघतोस' म्हणतो तेव्हा तो साधा प्रश्न असतो. 'बघतोस काय रागानं' म्हटलं की बाही वर सरकलेली दिसते. क्रियापद पुढं आणून मराठी माणूस भांडण उकरतो. 'येतोस काय', 'बोलतोस काय' यातला तो सूर कानाला लगेच कळतो.

दुसऱ्या अर्ध्यात याच्या उलट घडलंय. नेहमीच्या बोलण्यात कर्ता आधी येतो, 'वाघानं ओव्हरटेक केलंय'. इथं तो शेवटाला ढकललाय. त्यामुळं ओव्हरटेक झालंय हे आधी कळतं आणि ते कुणी केलं हे सगळ्यात शेवटी. आणि 'रागानं' ऐकल्यापासून कान यमकाची वाट बघत असतो. उखाण्यात हेच होतं. 'भाजीत भाजी मेथीची' म्हटलं की सगळ्या बायका 'प्रीतीची' कधी येतंय याची वाट बघतात. फरक एवढाच की उखाण्यातली मेथी बहुतेक वेळा नुसती यमकापुरती असते. इथं पहिला अर्धा भागही कामाला लागलेला आहे. तो मागच्या माणसाची कॉलर धरतो.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. 'रागानं' आणि 'वाघानं' या दोन्ही शब्दांच्या शेवटी एकच 'नं' आहे, पण दोघांचं काम वेगळं. रागानं म्हणजे कसं बघतोस, वाघानं म्हणजे कुणी केलं. मराठीत हे दोन्ही एकाच प्रत्ययावर भागतं, म्हणून यमक आयतं जुळतं. हिंदीत हे जमत नाही. तिथं 'गुस्से से' आणि 'शेर ने' असे दोन वेगळे तुकडे पडतात. आणि ड्रायव्हरनं स्वतःला वाघ का म्हटलं, याचंही अर्धं उत्तर व्याकरणात आहे. मराठीत 'मी' या शब्दाला तो 'नं' लागतच नाही. आपण 'मी केलंय' म्हणतो, 'मीनं केलंय' कुणी म्हणत नाही. यमक हवं तर 'मी' सोडून तिसराच कुणीतरी हवा. मग तो तिसरा वाघ का असू नये? ज्यानं कुणी ही ओळ पहिल्यांदा जुळवली त्यानं व्याकरणाचं पुस्तक उघडलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्या कानाला मात्र हे सगळं नक्की कळत होतं. लोकांची भाषा अशीच चालते, जात्यावरच्या ओव्याही अशाच घडल्या.

पण नुसत्या यमकावर हसू येत असतं तर फोनवरच्या यादीतही आलं असतं. रस्त्यावर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे गाडी स्वतः. ही ओळ वाचू शकणारा माणूस त्या क्षणी मागेच असतो, आणि बऱ्याचदा त्याला नुकतंच मागं टाकलेलं असतं. त्याच्या कपाळाला खरंच आठी पडलेली असते. ओळीनं त्याला पकडलेलं असतं. म्हणजे निम्मं वाक्य रंगात लिहिलेलं आहे आणि निम्मं रस्त्यानं पुरवलंय. फोनवर ते दुसरं निम्मं नसतं. माझं ठाम मत आहे की छोटी ओळ पोहोचते ती छोटी असल्यामुळं नाही. जे समोर दिसतंच आहे ते ती पुन्हा सांगत बसत नाही, म्हणून पोहोचते, आणि म्हणूनच छोटीही राहते.

परिस्थिती बदलली की अर्थही बदलतो. उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं आला की मागं रांग लागते. अशाच एका ट्रॉलीवर मी हीच वाघाची ओळ वाचली आहे. त्या ट्रॅक्टरनं आयुष्यात सायकलशिवाय कशाला मागं टाकलं असेल असं वाटत नव्हतं. आमचा राग मात्र खरा होता. तिथं ती ओळ शेखी राहिली नव्हती, तो ड्रायव्हर आमच्याबरोबर हसत होता. 'अहो, इकडं पण बघा ना' या ओळीचंही तसंच आहे. त्यातला एक 'अहो' अख्खा संसार घेऊन येतो. नवऱ्याला नावानं हाक न मारणाऱ्या बाईचा आवाज येतो आणि लोखंडाची गाडी बायको होते. दुसऱ्या भाषेत नेताना त्या 'अहो'साठी दोन वाक्यं लिहावी लागतील आणि तोवर सिग्नल सुटलेला असेल.

वेळेचा हिशोबही बघण्यासारखा आहे. पुढच्या ट्रकपेक्षा तुम्ही ताशी 20 किलोमीटरनं जास्त वेगात आहात आणि अक्षरं 30 मीटरवरून वाचता येतात असं धरा. मग तुमच्या हातात साधारण साडेपाच सेकंद असतात. त्यातच आरसा बघायचा, समोरून कोण येतंय बघायचं. ओळीच्या वाट्याला दोन नजरा येतात, त्या दोन नजरांत मावेल तेवढंच वाचून होतं. रिक्षाचं वेगळं, ती सिग्नलला समोर उभीच राहते. म्हणून रिक्षाच्या हुडावर चार-चार ओळींची तत्त्वज्ञानं सापडतात. मला त्यातली फारशी आवडत नाहीत. वेळ मिळाला की माणूस उपदेश करायला लागतो. बायकांना नावं ठेवणाऱ्या ओळीही बऱ्याच असतात, त्यांच्यावर मला कधीच हसू आलेलं नाही. आणि 'बुरी नजर वाले' हा विनोद धरायचंच कारण नाही. ते लिंबू-मिरचीचं काम आहे, ते श्रद्धेनं लिहिलेलं असतं. 'हॉर्न ओके प्लीज' तर सूचनाच होती, आणि विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यावर बंदी घातली.

ओळ छोटी होते कशी हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. हायवेलगत एका पेंटरच्या शेडमध्ये माझी गाडी कामाला लावली होती. शेजारी नवा छोटा हत्ती उभा. मालक तिशीतला पोरगा, भाजीची वाहतूक करणारा. त्यानं कागदावर ओळ लिहून आणली होती: 'ही गाडी मी बँकेचे कर्ज काढून घेतली आहे, कृपया कोणीही जळू नये.' पेंटरकाकांनी कागद बघितला, मग फाळका बघितला. फाळका पाचेक फूट रुंद. कडेच्या कड्या आणि बिजागऱ्या सोडायच्या, अक्षर चार बोटं तरी रुंद हवं, नाहीतर लांबून नुसती शिरोरेषा दिसते. वर वेलांटी-मात्रांना जागा, खाली उकाराला जागा, त्यामुळं दोन ओळी घुसडल्या की अक्षरं एकमेकांत पाय घालतात. काका म्हणाले, "एका ओळीत चौदा अक्षरं बसत्यात. तुझी सत्तावीस हायेत."

पोरगा म्हणाला, "बारीक लिहा की."

"बारीक लिहितो. पण मागचा माणूस गाडी चालवंल का चष्मा काढंल?"

मग काकांनी खडू घेतला आणि कागदावरच खोडायला सुरुवात केली. 'ही गाडी' खोडलं, गाडी समोर दिसतीच आहे. 'मी' खोडलं, लिहिणारा मालकच असणार. 'कृपया' खोडलं. 'बँकेचे कर्ज' इथं पोरगं अडून बसलं, तेवढंच तर सांगायचं होतं. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कर्ज म्हटलं की माणसाला कीव येती. हप्ते म्हण. हप्ते मागच्यालाबी असत्यात." आणि 'जळू नये' सरकारी पाटीसारखं वाटतं म्हणून ते 'जळू नका' झालं. मग त्यांनी क्रम उलटा केला. दोऱ्याला खडू लावून फाळक्यावर दोन रेघा मारल्या आणि मधे लिहिलं:

जळू नका, हप्ते बाकी आहेत

अकरा अक्षरं. मी तिथंच हसलो आणि पोरगाही हसला. पहिल्या दोन शब्दांत ताठा आहे, पुढच्या तीन शब्दांत तो उतरतो. मधलं 'कारण' कुणी लिहिलेलं नाही, ते वाचणारा स्वतः घालतो. स्वतः घातलेलं असल्यामुळं ते त्याचं होतं. काकांनी 'कर्ज' काढून 'हप्ते' घातलं तिथं तर ओळीचा सगळा स्वभावच बदलला. कर्ज एकट्या मालकाचं होतं, हप्ते त्याचे आणि मागच्या गाडीवाल्याचे दोघांचेही झाले.

तीनेक वर्षांनी तीच गाडी मला टोलनाक्याच्या रांगेत पुढं दिसली. फाळक्याला पोपटी रंगाचा नवा हात दिलेला होता, पण एकच हात, त्यामुळं खालच्या जुन्या अक्षरांची सावली तिरप्या उन्हात वाचता येत होती. तिच्यावर ताज्या पांढऱ्या रंगात, काकांच्याच वळणात, नऊ अक्षरं होती:

हप्ते फिटले, आता जळा