चुकलेल्या घड्याळाचे फुटेज आणि एक घातक सल्ला

“सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये तारीख-वेळ चुकीची असेल तर ते फुटेज कोर्टात चालत नाही. म्हणून पोलीस येण्याआधी मेनूत जाऊन वेळ बरोबर करा आणि मगच फुटेज काढा. नेट जोडले की वेळ पुन्हा कधीच चुकत नाही. सर्व व्यापारी बांधवांना पाठवा.”

पाचोऱ्याला माझ्या मावसभावाचे कृषी सेवा केंद्र आहे. दुकानासमोरून मोटारसायकल चोरीला गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी हा संदेश त्याच्यापर्यंत पोहोचला, आणि मी फोन केला तेव्हा तो डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा, मेनू उघडूनच बसला होता. त्यामुळे आधी त्या दुसऱ्या वाक्याविषयी बोलतो, कारण खरे नुकसान तेच करते.

मेनूत वेळ बदलल्याने आधी झालेल्या चित्रणावरची वेळ बदलत नाही; ती साधारणपणे चित्रातच उमटलेली असते. बदलते ते फक्त चालू घड्याळ, आणि त्याबरोबर ते किती चुकलेले होते हे मोजण्याचा सर्वांत सोपा मार्ग नाहीसा होतो. त्याहून वाईट म्हणजे अनेक डीव्हीआरमध्ये ठरावीक दिवसांपेक्षा जुने फुटेज आपोआप पुसण्याची सोय असते. ती चालू असताना २००० सालात अडकलेले घड्याळ एकदम आजच्या तारखेवर आणले, तर कालचे फुटेज यंत्राच्या हिशेबी पंचवीस वर्षांहून जुने ठरते आणि पुसले जाऊ शकते. पुरावा वाचवण्याचा हा कोणता मार्ग?

भावाच्या डीव्हीआरमधला, वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणारा बटण सेल संपला होता. अशा वेळी वीज जाऊन परत आली की त्याचे यंत्र १ जानेवारी २०००, रात्री बारापासून मोजू लागते. मंगळवारी मोबाइलवर सकाळचे ११:४० झाले असताना पडद्यावर २ जानेवारी २०००, १६:१० अशी वेळ होती. म्हणजे यंत्र सुरू होऊन ४० तास १० मिनिटे झाली होती. मागे मोजले की वीज रविवारी संध्याकाळी ७:३० ला परतल्याचे निघते. मोटारसायकल नेताना पडद्यावर २ जानेवारीचे ०१:३५ दिसत होते. सुरुवातीपासून २५ तास ३५ मिनिटे, म्हणजे प्रत्यक्षात सोमवारी रात्री ९:०५. हा हिशेब न करता फुटेज दिले असते, तर चोरी मध्यरात्रीनंतर झाल्याचा समज झाला असता आणि संशयिताच्या मोबाइलचे ठिकाण भलत्याच वेळेशी ताडून पाहिले गेले असते.

यासाठी करायचे एवढेच, की डीव्हीआरचा चालू पडदा आणि मोबाइलची वेळ एकाच फोटोत घ्यावी, फरक पंचनाम्यात लिहवून घ्यावा, मूळ स्वरूपातले फुटेज घटनेच्या आधी आणि नंतर थोडा जास्त वेळ धरून काढावे आणि ते सुपूर्द झाल्यावरच घड्याळाला हात लावावा. मात्र हा फरक शेवटच्या वेळी वीज परतल्यानंतरच्या चित्रणालाच लागू पडतो. आपल्याकडे भारनियमनात एका आठवड्यात १ जानेवारी २००० चार वेळा उजाडू शकतो, आणि त्या प्रत्येक तुकड्याचा फरक वेगळा असतो. त्याआधीच्या तुकड्यासाठी चित्रात दिसणारी एखादी खूण शोधावी लागते. गिऱ्हाइकाने गल्ल्यावर यूपीआयने पैसे दिल्याचे दिसत असेल, तर बँकेच्या नोंदीतली वेळ त्या दृश्याला लावता येते.

आता कोर्टाविषयी. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये यंत्र त्या काळात नीट चालत असावे अशी अट आहे. पण त्याच उपकलमात पुढे, ते नीट चालत नसेल तर तो दोष नोंदीवर किंवा तिच्या अचूकतेवर परिणाम करणारा नसावा, असेही म्हटले आहे. म्हणजे यंत्रात दोष असू शकतो हे कायद्याने गृहीतच धरले आहे. घड्याळ चुकले एवढ्यावरून फुटेज आपोआप बाद होत नाही. आरोपीचा वकील वेळेवर बोट ठेवणारच, आणि त्याला उत्तर म्हणून मोजून लिहिलेला फरकच कामी येतो. गुपचूप वेळ बदललेली असेल तर “आणखी काय काय बदलले?” या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

नेटची गोष्ट अर्धी खरी आहे, हे मान्य करावे लागते. NTP चालू असेल तर यंत्र इंटरनेटवरून वेळ जुळवून घेते, आणि एरवी महिन्याला मिनिटभर सरकू शकणारे घड्याळ जागेवर राहते. पण यंत्रात `GMT+05:30` ऐवजी चीनची `GMT+08:00` ही वेळ राहून गेली असेल, तर नेट असूनही ते बरोबर अडीच तास पुढे दाखवते. शिवाय वीज आल्यावर राउटर नेट पकडेपर्यंत सेल संपलेला डीव्हीआर जुन्याच तारखेने चित्रण करत राहू शकतो. म्हणून नेट असले तरी सेल बदलावाच, आणि फुटेज पोलिसांच्या हाती गेल्यानंतर एकदा नेटची वायर काढून डीव्हीआर मेनूतून बंद करावा, काही मिनिटे वीज तोडून ठेवावी, मग सुरू करून तारीख टिकली का ते पाहावे.