शेंबूने ताईस लिहावयाचे विनंतीपत्र

नवी नोकरी लागली, टीमसोबतचा पहिला फोटो टाकला आणि त्याखाली सगळ्यांच्या आधी सख्ख्या ताईने लिहिलं, ‘शेंबू, रुमाल नेलास ना रे?’ अभिनंदन! तुमची ओळख करून द्यायचे ऑफिसचे कष्ट वाचले. आता ताईला पत्र लिहून हे थांबवावं असं मनात आलं असेल, तर खाली सांगितल्याप्रमाणेच लिहा. नाव थेट निरोप समारंभापर्यंत टिकेल याची हमी.

पत्र घरच्या ग्रुपवरच टाका. ताईला एकटीला पाठवलंत तर ती कदाचित विचार करेल. ग्रुपवर मात्र मामा, दोन्ही आत्या आणि हसायला टपलेली भाचरं असतात, त्यामुळे पाच मिनिटांत ‘आमचा शेंबू रागावला वाटतं’ एवढाच विषय उरतो.

वेळ रात्री साडेअकराची, रक्त तापलेलं असताना.

सुरुवात ‘तू नेहमीच’ या शब्दांनी करा. ‘नेहमीच’ वाचलं की ताई खऱ्या नावाने हाक मारलेले तीन प्रसंग शोधून काढते, मग हिशेब त्या तीन प्रसंगांचा होतो आणि ऑफिस राहतं बाजूला.

नाव कसं पडलं हेही सविस्तर लिहा: दुसरीतलं गॅदरिंग, शर्टाची बाही, बाईंनी स्टेजवर येऊन पुसलेलं नाक. एरवी ही गोष्ट ऐकीव म्हणून उडवून लावता आली असती. आता ती तुमच्याच हस्ते, तारीखवार, स्क्रीनशॉट काढण्याजोगी उपलब्ध आहे.

मागणी मात्र मोघम ठेवा. ‘जरा समजून वाग ना’ एवढं पुरे. म्हणजे ताई समजून वागते: कमेंट करायची थांबते आणि जेवणाच्या सुट्टीत, तुमचा फोन स्पीकरवर असताना, ‘शेंबू, डबा खाल्लास का’ विचारते. तिच्या मते तिने ऐकलंच की! आणि वर ते जगप्रसिद्ध वाक्य, ‘अरे, प्रेमाने म्हणतो आम्ही.’ म्हणा ना, घरात म्हणा. घरातल्यांना तुमचा ताप, तुमचे मार्क, तुमची पहिली सायकल, सगळं ठाऊक असतं, त्या ढिगाऱ्यात हे नाव कुठेतरी खाली पडलेलं असतं. नव्या सहकाऱ्यांकडे ढिगारा नसतो. त्यांना तुमची खुर्ची कुठली ते माहीत असतं आणि हे नाव. बस्स. पहिल्या दिवशी साहेब गमतीत म्हणतो, दुसऱ्या दिवशी शेजारचा म्हणतो, आठवड्याने मेल येते ‘डिअर शेंबू’ आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मग तुम्ही मीटिंगमध्ये ‘हा आकडा चुकलाय’ म्हणता, कोपऱ्यात कुणीतरी नाक ओढतं, चौघे लॅपटॉपमध्ये डोकं घालतात आणि आकडा चुकलेलाच राहतो. हे ताईला दिसत नाही. तिला तिच्या कमेंटखालचे हसरे चेहरे दिसतात!

पुरे झाला उपरोध. पत्र चार वाक्यांचं लिहा, सकाळी पाठवा, फक्त तिला, आणि त्यात ते नाव एकदाही येऊ देऊ नका.

‘ताई, फोटोखालची ती कमेंट मी काढतोय, राग मानू नकोस. ऑफिसचे लोक जिथे असतील तिथे, म्हणजे कमेंटमध्ये, फोनवर आणि मला भेटायला आलीस की गेटवर, माझ्या नावाने हाक मार. घरात काय म्हणायचं ते म्हण, मला चालेल. चुकून तोंडून निघालंच तर हसू नकोस, ते नाव का पडलं ते सांगू नकोस, सरळ पुढचं बोल.’

चौथं वाक्य गाळू नका. नुसतं नाव कानावर पडलं तर लोक विसरतात, त्यामागची गोष्ट कळली की विसरत नाहीत. कमेंटला उत्तर देऊ नका, फोटो तुमचा आहे, कमेंट काढून टाका. तिने स्वतःच्या फोटोत तुम्हाला टॅग केलं असेल तर टॅग तुम्ही काढू शकता, तिचा मजकूर मात्र तिलाच काढावा लागेल. आणि साहेबाने तोवर ते नाव उचललंच असेल तर ‘मला माझ्या नावाने हाक मारा’ एवढं त्याला त्याच दिवशी, एकट्याला गाठून सांगा. महिन्याने सांगितलंत तर ‘इतके दिवस चाललं की’ ऐकाल.

आणि तायांनो, दादांनो, असं पत्र आलं तर ‘तुला गंमतच कळत नाही’ हे उत्तर पाठवू नका. त्याला गंमत कळते. तीस वर्षं तीच एक गंमत ऐकतोय तो. पगार त्याला जिथून मिळतो तिथे ती नको, एवढंच म्हणणं आहे आणि त्यासाठी तुम्हाला दोन अक्षरं गिळायची आहेत, विष नाही. त्याचा नंबर ज्या नावाने सेव्ह केलाय तेही आजच बदला. उद्या त्याच्या साहेबाला त्याचा कॉन्टॅक्ट तुम्हीच फॉरवर्ड कराल आणि नाव त्यासोबत जाईल.