बापूंच्या पंच्याहत्तरीत माझे नऊ 'मी'

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत बापूंना ७५ वर्षं पूर्ण होणार म्हणून घरातर्फे फ्रेम केलेलं शुभेच्छापत्र द्यायचं ठरलं. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मुंबईला मी ऑफिसात पत्रंच लिहितो. फ्रेमवाल्याने दुपारी चारपर्यंत कागद मागितला होता. अकरा वाजता मी तो काकीसमोर ठेवला:

"आदरणीय बापू, मी तुम्हाला पंच्याहत्तरीच्या मनःपूर्वक शुभेच्छा देतो. मी लहानपणापासून तुमच्या बागेत येत आलो. मला तुमच्याकडून कलम बांधायला शिकायची संधी मिळाली, हे मी माझं भाग्य समजतो. मी मुंबईला नोकरीला गेलो, तरी मी तुम्हाला विसरलो नाही. माझ्या यशात तुमचा वाटा आहे, असं मी मानतो."

काकी कोकमं सुकत घालत होती. ओल्या हाताने तिने कागदाचा कोपरा धरला आणि विचारलं, "मेल्या, हो वाढदिवस बापूंचो की तुझो?"

मग मोजणी झाली. सहा 'मी', एक 'मला', एक 'माझं', एक 'माझ्या'. पाच वाक्यांत नऊ. मी म्हटलं, तुम्ही-तुमचेसुद्धा पाच आहेत की! पण ते नीट पाहिले आणि गप्प झालो. 'तुम्हाला', 'तुमच्या', 'तुमच्याकडून', 'तुमचा'... बापू अख्ख्या पत्रात प्रत्यय लावून कोपऱ्यात उभे. नुसतं 'तुम्ही' एकदाही नाही. म्हणजे ७५ वर्षांच्या माणसाने माझ्या पत्रात एकही काम केलेलं नव्हतं. येत होतो मी, जात होतो मी, समजत आणि मानतही मीच होतो.

पहिला उपाय सोपा वाटला. सगळे 'मी' खोडले. "लहानपणापासून तुमच्या बागेत येत आलो. मुंबईला नोकरीला गेलो, तरी तुम्हाला विसरलो नाही." हे पोलीस ठाण्यातल्या जबाबासारखं झालं. काकी म्हणाली, "'मी' काढलंस, पण तां 'लो' कोणाचां?" मराठीत हीच पंचाईत आहे. 'मी' दारातून हाकलला तरी तो क्रियापदाच्या शेपटाला धरून मागच्या पडवीतून आत येतो. आलो, गेलो, देतो, मानतो. शब्द खोडून भागत नाही, वाक्याचा कर्ताच बदलावा लागतो.

दुसऱ्या खेपेला 'मी'चं 'आम्ही' केलं. त्याने फक्त गर्दी वाढली.

तिसऱ्या खेपेला मी पेटलो आणि बापूंनाच कर्ता केलं: तुम्ही वाडीचे आधारवड आहात, तुम्ही दीपस्तंभ आहात. काकीने चष्मा वर केला. "ह्यां उद्या सरपंचाक दिलंस तरी चालतलां." मी मनातल्या मनात बापूंच्या जागी सरपंच बसवून पाहिले. तंतोतंत बसले. त्यांच्या जागी वाडीतला कोणीही म्हातारा बसला असता. 'तुम्ही' आला होता, बापू आले नव्हते.

"बापू करतत काय, तां लिही," एवढं म्हणून काकी कोकमांकडे वळली.

बापू काय करतात? डोळे मिटले तर पावसाळ्यातलं त्यांचं खळं दिसलं. नुसती माहिती उतरवत गेलो आणि पावणेचारला हे तयार झालं:

"बापू, पाऊस लागला की तुम्ही खळ्यात बसून कोयकलमं बांधता. तांबूस पानाचं कोवळं रोप घेता, शेंडा छाटता, मधोमध चीर देता, तेवढ्याच जाडीची हापूसची काडी पाचरीसारखी तासून चिरेत बसवता आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून होईपर्यंत कोणाशी बोलत नाही. कलम धरलं नाही तर तुम्ही ते मेलं म्हणत नाही, रुसलं म्हणता. आमच्या विहिरीकडचे तीन हापूस तुमच्या हातचे. त्यातलं एक कलम मी बांधलं होतं; माझी पाठ वळल्यावर तुम्ही ते सोडून पुन्हा बांधलंत. तोच आंबा सगळ्यात जास्त धरतो. पंच्याहत्तरीच्या शुभेच्छा."

त्यात एक 'मी' आणि एक 'माझी' उरले. तेही काढून पाहिले, तर ग्रामपंचायतीचा दाखला वाटायला लागला. कोण बोलतंय तेच कळेना. शिवाय या 'मी'ने चूक केली होती आणि ती बापूंनी निस्तरली होती. ठेवला.

समारंभात पुतण्याने पत्र मोठ्याने वाचलं. बापूंनी मध्येच हात वर केला. "खोटा आसा. पट्टी बांधताना मी गप नसतंय. मी गाळी घालतंय."

आणि मग ते पाऊण तास बोलले. मी अमुक केलं, मी तमुक बांधलं, मी नसतो तर विहिरीकडे करवंदंच असती. काकी माझ्या शेजारी बसून बोटं मोजत होती. चाळिसावर तिने नाद सोडला आणि सोलकढी आणायला उठली.