पावती दिल्याने फ्लॅट जात नाही

"घरमालकांनो, सावध व्हा! भाडेकरूला सही केलेली भाडेपावती देऊ नका. तुमच्या पत्त्यावर आधार कार्ड करायला संमती देऊ नका. आधारवर पत्ता आला की तो तिथला रहिवासी ठरतो आणि 12 वर्षांनी कोर्ट घर त्याच्या नावावर करतं. पावत्या हाच त्याचा पुरावा. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवरून माझ्या आईच्या फोनवर आला आणि तीन आठवडे एक साधं पत्र तिच्या टेबलावर पडून राहिलं. डोंबिवलीतल्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये लातूरकडची एक मुलगी भाड्याने राहते. भाडं 14,000. सहा महिन्यांच्या सही केलेल्या पावत्या आणि आधार व बँकेसाठी हा पत्ता वापरायला संमती, एवढंच तिने मागितलं होतं. "काकू, तुम्हाला वेळ असेल तेव्हा," असंही लिहिलं होतं. आई मला म्हणाली, "सही केली आणि घर गेलं तर?"

आधी 12 वर्षांचं बघू, कारण सगळी भीती त्यातूनच येते. मुदतीच्या कायद्यात 12 वर्षं आहेत हे खरं. पण ती मोजायची कधीपासून? ताबेदाराने मालकाचा हक्क झुगारून, उघडपणे, स्वतःचं म्हणून घर धरलं तेव्हापासून. भाडेकरू राहतो तो मालकाच्या परवानगीने. परवानगीचा ताबा बारा काय, तीस वर्षं चालला तरी आपोआप मालकी होत नाही. शिवाय 1872 च्या जुन्या पुरावा कायद्याचं कलम 116 स्पष्ट होतं: ज्याच्याकडून घर घेतलं त्याचा ते देण्याचा हक्क नव्हता, असं भाडेकरूला किंवा परवानगीने राहणाऱ्याला म्हणता येत नाही. नव्या साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे.

मग पावती काय सिद्ध करते? अमुक महिन्याचे पैसे अमुक माणसाने घराच्या मालकाला दिले, हे. म्हणजे दर महिन्याला भाडेकरू मालकाची मालकी कबूल करतो. आईला मी हेच सांगितलं, की तू ज्या कागदाला घाबरतेस तोच तुझा पुरावा आहे. फक्त पावती दोन प्रतींत कर आणि आपल्या प्रतीवर तिची सही घे. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच उलटं केलंय आणि त्यापायी एका मुलीचं बँकेचं काम अडलं, याचा मला राग आहे.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. ही भीती हवेतून आलेली नाही. 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरूचं संरक्षण मिळालं आणि मुंबईत अनेक मालकांच्या जागा अडकल्या. पागडीच्या घरांत तर जुन्या भाडेपावतीला आजही मोल आहे. पण तिथेही मिळालं ते राहण्याचं संरक्षण, मालकी नव्हे. आमचा करार नोंदणी केलेला, 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 नुसार मुदत संपली की जागा परत मागता येते आणि अडवून बसणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. याच कायद्याचं कलम 31 घरमालकाला पैसे घेताना लेखी पावती द्यायला सांगतं. लायसन्सला ते कलम जसंच्या तसं लागतं का, यावर वाद होऊ शकतो. पण पावती धोक्याची असती तर कायद्याने ती मागितलीच नसती.

आधारचं तर लगेच संपतं. आधार कायद्याचं कलम 9 म्हणतं की आधार क्रमांक हा स्वतःहून नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. मग मालकीचा कुठून होणार?

जपायचं ते वेगळ्याच ठिकाणी. कोऱ्या कागदावर सही नको आणि "कोणत्याही कामासाठी" अशी मोघम संमतीही नको, नाहीतर उद्या त्याच पत्त्यावर कुणाचा धंदा नोंदला जाईल. म्हणून पावतीवर तारीख, महिना, फ्लॅट क्रमांक, अंकी-अक्षरी रक्कम, पैसे रोख की यूपीआयने, आणि "लायसन्स फी" हा शब्द लिहिला. दोन महिन्यांचे पैसे रोख होते; 5,000 च्या वरची रक्कम म्हणून त्या पावत्यांवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावलं.

संमतीपत्र आईने स्वतः लिहिलं: "करार क्रमांक अमुक, मुदत अमुक तारखेपर्यंत. या काळात सदर पत्ता फक्त आधार व बँक खात्यासाठी रहिवासी पत्ता म्हणून वापरण्यास माझी हरकत नाही. व्यवसाय नोंदणीसाठी ही संमती नाही." खाली सही, तारीख, सोबत वीजबिलाची प्रत. रविवारी ती मुलगी येऊन सगळे कागद घेऊन गेली आणि आमच्या प्रतींवर सही करून गेली.