साठ हजारचं पाकीट आणि चार हजारांची मर्यादा

प्रतिक्रिया : "आईला लातूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक घ्यायला सांगितलंय. तुम्ही लिहिता, रोजची कमाल मर्यादा ४,०००. मग डॉक्टर चुकले का? बाकीच्या तर साध्या ताकदीच्या गोळ्या आहेत. उगाच लोकांना घाबरवू नका."

दादा, डॉक्टर चुकलेले नाहीत. ६०,००० भागिले ७ म्हणजे रोजचे साधारण ८,५७०. ते मर्यादेच्या वर आहेत, पण ती कमतरता भरून काढायची मात्रा आहे. ती बहुतेक वेळा आठ आठवड्यांपुरती असते, मग डॉक्टर पुन्हा बघून पुढचं ठरवतात. ४,००० हा आकडा देखरेखीशिवाय, रोज, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये तो ठरवला. रोज १०,००० पर्यंत रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं दिसलं नव्हतं, तरी पुराव्यातली अनिश्चितता धरून त्यांनी रेघ बरीच खाली ओढली. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडाही तोच आहे. म्हणजे ४,००१ व्या युनिटला विषबाधा होत नाही. तिथून पुढे धोका वाढू लागतो.

माझी काळजी आठ आठवड्यांनंतरची आहे. समजा, पाकीट संपल्यावर रिकामं वेष्टन मेडिकलमध्ये दाखवून तेच पुन्हा आणलं. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, प्रत्येकीत ड ५०० युनिट. ताकदीच्या गोळीवर लिहिलंय २५ मायक्रोग्रॅम. आकडा किरकोळ वाटतो, पण ते १,००० युनिट होतात. मग अशक्तपणासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी आठवड्याला एक कॅप्सूल दिली. नाव वेगळं, आत तेच ६०,०००. बेरीज रोजची १९,००० च्या पुढे जाते. दोन्ही डॉक्टरांसमोर एकमेकांची चिठ्ठीच आलेली नसते.

हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे सहज निघून जात नाही. महिनोन्‌महिने साठत गेलं की रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं, आणि वरून कॅल्शियमच्या गोळ्या चालूच असतात. मग तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, थकवा. पुढे मूतखडा आणि किडनीला इजा. आपल्याकडे मे महिन्यात तहान आणि थकवा उन्हावर ढकलला जातो आणि थकव्यासाठी आणखी एक ताकदीची गोळी घरात येते. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. उन्हाने मात्र ड जीवनसत्त्व असं वाढत नाही. कातडीत जास्तीचं तयार झालं तर ऊनच ते मोडून टाकतं.

आईंच्या पहिल्या चिठ्ठीवरची तारीख बघा. आठ आठवडे उलटून गेले असतील, तर पुढचं पाकीट फोडण्याआधी घरातली सगळी पाकिटं आणि स्ट्रिप्स एका पिशवीत घालून त्याच डॉक्टरांकडे न्या. रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि ड ची पातळी तपासायची का, हे त्यांना विचारा. मूतखडा किंवा किडनीचा त्रास आधी झाला असेल, किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर तेही सांगा. काही गोळ्यांनी कॅल्शियम शरीरात अडून राहतं.