कमिशन शून्य, तरी हजार डॉलरमागे 3,706 रुपये गेले

"कमिशन नसेल तर तोटा कसला? जरा जास्तच डॉलर घेऊन जा, उरले तर त्याच दुकानात परत द्या. फार तर जीएसटी जातो. आणि मध्येच डॉलर वाढला तर फायदाच!" (दुबई सहलीच्या तयारीत सांगलीत फिरणारा मेसेज)

दुकानदाराची कमाई कमिशनमध्ये नसते, दोन दरांमधल्या फरकात असते. फलकावर डॉलरचे दोन दर लिहिलेले असतात. तुम्हाला विकायचा दर चढा असतो आणि तुमच्याकडून घ्यायचा दर उतरता. मोबाईलवर दिसणारा दर या दोन्हींच्या मधला असतो आणि त्या दराने नोटा कुणीच देत नाही.

हिशेबाला सोपं जावं म्हणून मधला दर 85 रुपये धरू आणि दोन्ही बाजूंना 2 टक्के फरक. म्हणजे घेताना 86.70, परत देताना 83.30. हजार डॉलरला आधी 86,700 रुपये मोजायचे आणि परत 83,300 मिळवायचे. दर एक पैसाही हलला नाही, तरी 3,400 रुपये गेले.

जीएसटी मात्र मेसेजवाल्यांना वाटतो तेवढा मोठा नाही. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या 1 टक्क्यावर 18 टक्के कर लागतो. घेताना 156 रुपये, विकताना 150. दोन्ही मिळून 306 आणि एकूण तोटा 3,706. कर दोन्ही वेळा लागतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शिवाय करासाठी धरायची रक्कम किमान 250 रुपये असते, म्हणून छोट्या व्यवहारालाही 45 रुपये लागतातच. उरलेले 400 डॉलर एकदम विकले तर कर साधारण 60 रुपये, शंभर-शंभर करून चारदा विकले तर 180.

डॉलर वाढण्याचं म्हणाल, तर या उदाहरणात मुद्दल सुटायलाच मधला दर 85 वरून 88.79 च्या आसपास जायला हवा. म्हणजे जवळपास साडेचार टक्के वाढ. आठवड्याच्या सहलीत एवढी वाढ होईल, यावर पैसे लावू नयेत.

हजारपैकी 400 उरले, तर त्या जादा खरेदीचाच खर्च सुमारे 1,480 रुपये होतो. म्हणून नोटा घेण्याआधी दुकानात दोन्ही दर एकाच वेळी विचारा. त्यांतल्या फरकाला विकायच्या दराने भागून शंभरने गुणा. इथे 3.40 भागिले 86.70, म्हणजे 3.9 टक्के. दोन दुकानांची तुलना याच आकड्याने करा, कमिशनच्या पाटीने नको. कमी चालणाऱ्या चलनांत हा फरक सहसा आणखी मोठा निघतो.

आणि उरलेच, तर लगेच विकायची घाई नको. 2,000 डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवायला परवानगी आहे. त्यावरच्या नोटा परतल्यापासून 180 दिवसांत द्याव्या लागतात.